डाव्या मेंदूतला स्ट्रोक आणि गेलेली वाचा: ठाण्यातल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. स्ट्रोकनंतर पहिल्या आठवड्यात घरचे लोक जे प्रश्न फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि दवाखान्याच्या जिन्यात गाठून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं खऱ्या घटनांवर बेतलेली आहेत, पण कोणी ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ६ आणि ७ वाचा, बाकीचं नंतर.

१. स्ट्रोक मेंदूला झाला, मग बाबांचं बोलणं का गेलं? आणि डावीकडेच झाला की असं होतं का?

भाषेचं बरंचसं काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतं. उजव्या हाताने कामं करणाऱ्या माणसांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये असंच असतं. शब्द शोधणं, ते वाक्यात बसवणं, समोरच्याचं ऐकून अर्थ लावणं, वाचणं आणि लिहिणं, सगळं त्यात आलं. या भागाला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे डावी मिडल सेरेब्रल आर्टरी. हृदयातून किंवा मानेतल्या रक्तवाहिनीतून निघालेली गुठळी बहुधा हिच्यातच जाऊन अडकते, म्हणून डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये भाषा बिघडणं इतकं सर्रास दिसतं. या बिघाडाला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात.

शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो. त्यामुळे 'उजवा हात लुळा आणि वाचा गेली' ही जोडी तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. पण ही जोडी दर वेळी एकत्र येत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो (प्रश्न ६).

२. म्हणजे जीभ लुळी पडली आहे ना? जिभेचे व्यायाम करून घेऊ का?

जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू कमजोर झाले तर बोलणं जड आणि बोबडं होतं. त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. अशा माणसाला काय म्हणायचंय ते पक्कं ठाऊक असतं, शब्दही योग्य असतात, फक्त उच्चार अस्पष्ट होतात. त्याच्या हातात कागद-पेन द्या, तो व्यवस्थित लिहून दाखवेल.

वाचाघातात लिहिणंही बिघडतं, कारण अडचण तोंडात नसून भाषेत असते. जो शब्द बोलताना सापडत नाही, तो लिहितानाही सापडत नाही. उजवा हात चालत नसेल तर डाव्या हाताने लिहायला सांगा. अक्षर वेडंवाकडं येईल, ते सोडून द्या. शब्द बरोबर आहे का तेवढं पाहा. दोन्ही तक्रारी एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी न करता नुसते जिभेचे व्यायाम सुरू करण्यात अर्थ नाही. जीभ बाहेर काढून, गाल फुगवून हरवलेला शब्द सापडत नाही.

३. ब्रोका भाग कुठे असतो? तो बिघडला की माणूस कसा बोलतो?

डाव्या कपाळाच्या मागे, कानशिलाच्या थोडं वर आणि पुढे. बोलायचं वाक्य रचणं आणि ते उच्चारांपर्यंत पोहोचवणं, यात या भागाचा मोठा वाटा असतो. इथे आणि आजूबाजूला इजा झाली की बोलणं अडखळतं, तुटक होतं, एकेका शब्दावर येतं. मजकुराचे शब्द उरतात, त्यांना जोडणारे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपं गळतात.

टीएमटीतून निवृत्त झालेल्या एका काकांना मी विचारलं, "आज कसे आलात?" त्यांचं उत्तर असं होतं: "रिक्षा... पोरगा... पोरगा... स्टेशन... गर्दी... छे!" एवढ्यालाच जवळजवळ एक मिनिट लागला. 'मुलाबरोबर रिक्षाने आलो, स्टेशनपाशी गर्दी होती' हे सगळं त्यात आहे. 'बरोबर', 'ने', 'पाशी', 'आलो', 'होती' हे सगळं गेलं. आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं. 'छे' म्हणताना त्यांनी डाव्या हाताने मांडीवर चापट मारली.

चेहऱ्याचा आणि हाताचा ताबा ठेवणारी मेंदूची पट्टी ब्रोका भागाला अगदी लागून आहे, आणि दोघांना रक्त पुरवते ती मिडल सेरेब्रल आर्टरीची वरची शाखा. त्यामुळे या माणसांचं तोंड बहुधा वाकडं झालेलं असतं, उजवा हात कमजोर असतो, आणि पाय त्या मानाने बरा असतो.

४. आणि वर्निके भाग? फरक नेमका काय?

वर्निके भाग डाव्या कानाच्या वर, थोडा मागे असतो. कार्ल वर्निके या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याबद्दल लिहिलं. ऐकलेल्या आवाजांतून शब्द ओळखणं आणि त्यांचा अर्थ लावणं हे काम या भागाशी जोडलेलं आहे.

तो बिघडला की बोलणं थांबत नाही. माणूस भरभर बोलतो, सूर नेहमीचा, वाक्याची चाल नेहमीची, प्रत्ययही जागच्या जागी. पण अर्थ हाती लागत नाही. 'ते तिकडचं आलं ना, की मग त्याचं ते लावून टाकायचं, म्हणजे कळपटी नको व्हायला' अशा धर्तीचं. मध्येच 'कळपटी'सारखा कोणत्याच कोशात नसलेला शब्द येतो आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. समोरच्याचं बोलणं कळत नाही, आणि आपलं आपल्यालाही नीट ऐकू येत नाही म्हणा ना, म्हणून चूक लक्षातच येत नाही. ब्रोकाचा रुग्ण स्वतःवर चिडतो. वर्निकेचा रुग्ण चिडलाच तर तुमच्यावर, कारण त्याच्या मते तो सरळ बोलतोय आणि तुम्हीच मूर्खासारखे बघताय.

५. आमच्या माणसाला कोणता प्रकार आहे, हे घरी कळेल का?

पक्कं निदान घरी होत नाही, पण अंदाज येतो. आम्ही चार गोष्टी बघतो: बोलणं ओघवतं आहे का, ऐकलेलं समजतं का, मागोमाग म्हणता येतं का, आणि वस्तूंची नावं येतात का.

नावं जवळजवळ प्रत्येकाची अडतात, त्यामुळे त्यावरून प्रकार ठरत नाही. ओघ आणि समज यांवरून बराच उलगडा होतो. ओघ तुटला पण समज बरी, तर ब्रोकाकडे झुकतं. ओघ शाबूत पण समज गेली, तर वर्निकेकडे. दोन्ही गेले तर ग्लोबल अफेजिया, म्हणजे मोठा भाग दुखावला आहे. ओघ आहे, समज आहे, पण 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' एवढं वाक्य मागोमाग म्हणताना शब्दांची तोडफोड होते, असाही एक प्रकार आहे. त्याला कंडक्शन अफेजिया म्हणतात.

समज तपासताना एक चूक सगळेच करतात. 'बसा' म्हणताना आपण खुर्चीकडे हात करतो, 'पाणी हवं का' विचारताना पेला पुढे धरतो. रुग्ण हाताकडे बघून वागतो आणि घरच्यांना वाटतं, कळलं. म्हणून हात मागे बांधा, चेहरा स्थिर ठेवा आणि म्हणा, "डाव्या हाताने उजवा कान धरा." 'डोळे मिटा' पुरेसं नाही. समज बरीच गेलेल्या माणसालाही 'डोळे मिटा', 'उभे राहा' अशा अख्ख्या शरीराच्या सूचना पुष्कळदा जमून जातात.

६. आईचे हातपाय ठीक आहेत, चालतेय-फिरतेय, पण सकाळपासून काहीतरी असंबद्ध बोलतेय. हा स्ट्रोक असू शकतो का? की वयामुळे भ्रम?

असू शकतो. हे पान लिहायचं खरं कारण हाच प्रश्न आहे.

वर्निके भागाला मिडल सेरेब्रल आर्टरीची खालची शाखा रक्त पुरवते. हाताची पट्टी तिच्या वाटेत येत नाही. म्हणून नुसती खालची शाखा बंद झाली तर तोंड वाकडं होत नाही, हात पडत नाही. लकव्याची जी लक्षणं आपण पोस्टरवर पाहिलेली असतात, त्यांतलं एकही दिसत नाही, फक्त बोलणं भरकटतं. घरच्यांना वाटतं साखर कमी झाली, झोप झाली नाही, डोक्यावर परिणाम झाला.

चरईतल्या एका काकूंचं असंच झालं. वय ६८. सकाळी सातला दूधवाल्याशी नेहमीसारखं बोलल्या. आठच्या सुमारास सून म्हणाली, "आई, चहा गाळू का?" काकू म्हणाल्या, "अगं, त्या परवाच्या निळसरला सांगितलंय मी, ते सुटलं की घालते खाली." सून हसली, तिला थट्टा वाटली. मग मुलगा आला, "आई, बस जरा" म्हणत त्याने खुर्ची ओढली, काकू बसल्या. समजतंय तर सगळं, असं ठरलं. जवळच्या दवाखान्यात साखर तपासली, ठीक निघाली. रक्तदाब थोडा वाढलेला होता. हातापायात ताकद आहे म्हणून झोपेचं औषध देऊन घरी पाठवलं. दुपारी जेवताना ताटातली उजवीकडची वाटी त्यांनी शिवलीच नाही, तेव्हा भूक नसेल असं वाटलं. संध्याकाळी एका नातेवाइकाने मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवलं, दुसरीने हट्टाने मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे पोहोचायला साडेसहा वाजले.

स्कॅनमध्ये डाव्या कानामागचा भाग दुखावलेला दिसला. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले, एट्रियल फिब्रिलेशन. या विकारात हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथे दहा तास उलटून गेले होते, आणि गुठळी इतक्या बारीक शाखेत होती की तार घालून काढण्याचाही उपयोग नव्हता.

शिवलेली नाही ती वाटी हीसुद्धा खूण होती. दृष्टीचे तंतू याच भागातून मागे जातात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं होऊ शकतं. डोळे चांगले असतात आणि रुग्ण त्याबद्दल तक्रारही करत नाही.

मग भ्रम आणि वाचाघात वेगळे कसे ओळखायचे? अचानकपणा बघा. ताप, इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झाल्याने होणारा भ्रम बहुधा तासांत, दिवसांत चढतो, आणि माणूस गुंगीत असतो किंवा सैरभैर दिसतो. वर्निकेचा रुग्ण जागा असतो, तुमच्याकडे बघून बोलतो, केस विंचरतो, दार उघडतो, फक्त शब्द चुकीचे असतात. पण घरी बसून हा निवाडा करत बसू नका. काल नीट बोलणारं माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर १०८ ला फोन करा, आणि जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो अशाच रुग्णालयात न्या. घोडबंदरला राहत असाल तर त्या रस्त्यावर कोणत्या वेळी किती अडकायला होतं ते मी सांगायला नको. असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. डॉक्टरांना 'कधी सुरू झालं' यापेक्षा 'शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलं' ते सांगा. रात्री अकराला नीट झोपले आणि सकाळी असं दिसलं, तर घड्याळ रात्री अकरापासून धरतात.

७. दहा मिनिटं शब्द सुचेना, मग आपोआप नीट झालं. आता जावं का?

हो, त्याच दिवशी. याला टीआयए म्हणतात. गुठळी आली आणि सरकून किंवा विरघळून गेली, पण ती जिथून आली ती जागा तशीच आहे. पुढच्या दोन दिवसांत मोठा स्ट्रोक येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

८. बाबांना ब्रोकाचा त्रास आहे. त्यांना सगळं समजतं ना?

रोजच्या बोलण्यातलं बरंचसं समजतं. सगळं समजतं असं मात्र नाही. 'कुत्र्याने पोळी खाल्ली' हे त्यांना कळेल, कारण पोळी काही कुत्र्याला खाणार नाही. पण 'भाच्याला मामाने ढकललं' म्हटलं आणि विचारलं, 'कोण पडलं?', तर ते 'मामा' दाखवू शकतात. अर्थ फक्त 'ला' आणि 'ने'वर उभा असला की त्यांची पंचाईत होते. म्हणून औषधाबद्दल सांगताना सरळ, छोटी वाक्यं करा: 'आधी जेवण. मग ही गोळी.'

'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल होते. मान हलवून 'नाही' दाखवतील आणि तोंडाने 'हो' म्हणतील. महत्त्वाची गोष्ट दोनदा, उलटसुलट विचारून खात्री करा.

९. नातवाचं नाव येत नाही, पण गणपतीची आरती पूर्ण म्हणतात आणि शिव्या तर स्पष्ट देतात. मुद्दाम करतात का?

अजिबात नाही. पाठ झालेली, सुरात म्हणायची किंवा रागाच्या भरात बाहेर पडणारी भाषा नव्याने रचलेल्या वाक्यापेक्षा वेगळ्या वाटेने येते, आणि तिला मेंदूच्या उजव्या बाजूचीही मदत मिळते असं मानतात. प्रश्न ३ मधल्या काकांना एकापासून वीसपर्यंत आकडे सलग म्हणता यायचे. 'तुम्हाला नातवंडं किती?' विचारलं की त्यांना 'चार' सुचायचं नाही. मग ते बोटांवर एकापासून सुरुवात करायचे आणि चारवर थांबायचे. ही युक्ती त्यांची त्यांनीच शोधली होती, मी फक्त पुढे चालवली. सुराचा असा उपयोग करून घेणारी उपचारपद्धतही आहे, मेलडिक इंटोनेशन थेरपी. ओघ गेलेला पण समज बरी असलेल्यांना ती लागू पडू शकते, वर्निकेच्या रुग्णांना सहसा नाही.

१०. घरी मराठी, दुकानात गुजराती, गिऱ्हाइकांशी हिंदी. कोणती भाषा आधी परत येईल?

बहुतेकांच्या सगळ्या भाषा साधारण बरोबरीने सुधारतात. काहींची आधी लहानपणची भाषा येते, काहींची स्ट्रोकच्या आधी रोज वापरातली, आणि क्वचित एकच भाषा सुधारते. आधी सांगता येत नाही. 'घरात फक्त मराठीच बोला' असा नियम करू नका. ज्या भाषेत शब्द आला तो घ्या. तपासणी मात्र प्रत्येक भाषेत वेगळी व्हायला हवी. नौपाड्यातल्या एका दुकानदारांची चाचणी फक्त हिंदीत झाली होती आणि अहवाल वाईट होता. गुजरातीत ते कितीतरी पुढे होते.

११. आमचे काका डावखुरे आहेत. मग त्यांची भाषा उजव्या मेंदूत का?

तसं नाही. डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांची भाषा डावीकडेच असते. बाकीच्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे. उजव्या हाताच्या माणसाला उजव्या मेंदूत स्ट्रोक होऊन वाचाघात होणं फार विरळा, पण होतं. एरवी उजवीकडच्या स्ट्रोकमध्ये शब्द राहतात, बोलण्यातला चढउतार जातो, टोमणा आणि थट्टा कळेनाशी होते.

बोलण्याऐवजी खुणांची भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर माणसांनाही डाव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर वाचाघात होतो. हात हलतात, पण खुणा चुकतात किंवा समोरच्याच्या खुणा कळत नाहीत. डावा मेंदू आवाजाचा नाही, भाषेचा आहे हे यातून दिसतं.

१२. एमआरआयमध्ये ब्रोका भागाला काहीच झालेलं नाही, तरी बोलणं ब्रोकासारखं तुटक आहे. रिपोर्ट चुकला का?

बहुधा नाही. ब्रोका भाग आणि ब्रोका अफेजिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जागा आहे, दुसरा लक्षणांचा समूह, आणि त्यांची जोडी नेहमी जमत नाही. फक्त ब्रोका भागापुरती छोटी इजा झाली तर बोलणं काही दिवस-आठवडे अडतं आणि पुष्कळ सुधारतं. महिनोन्महिने टिकणारा ब्रोका अफेजिया असेल तर इजा सहसा मोठी असते, खोलवर गेलेली असते.

याची सुरुवात खुद्द ब्रोकाच्या रुग्णापासूनच आहे. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस होता. त्याच्या तोंडून 'तां' एवढाच शब्द यायचा. १८६१ मध्ये तो वारल्यावर पॉल ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला आणि डाव्या कपाळामागची ती जागा दाखवली. त्याने मेंदू चिरला नाही, अख्खा जपून ठेवला. २००७ साली त्या मेंदूचा एमआरआय प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा पृष्ठभागापेक्षा खूप आत, पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. मेंदूच्या आतले बेसल गँग्लिया किंवा थॅलॅमस दुखावले तरी भाषा बिघडू शकते. म्हणून 'ब्रोका म्हणजे बोलणं, वर्निके म्हणजे समजणं' ही पाठ्यपुस्तकातली वाटणी सुरुवातीला कामाची आहे, तुमच्या माणसाच्या रिपोर्टवर ती तंतोतंत बसवायला जाऊ नका.

१३. किती सुधारेल, आणि किती दिवसांत?

सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. नंतर वेग मंदावतो, पण वर्ष-दोन वर्षांनीही थेरपीने फरक पडलेला दिसतो. प्रकारही बदलत जातो. ग्लोबलपासून सुरू झालेला माणूस काही महिन्यांनी ब्रोकासारखा बोलू लागतो. वर्निकेचा रुग्ण समज सुधारली की पुष्कळदा नुसत्या शब्द न आठवण्यावर येऊन थांबतो. चरईच्या काकू चौथ्या महिन्यात मला म्हणाल्या, "ते... चहाचं... गाळायचं ते... काय गं?" त्या अडखळल्या म्हणून सून घाबरली. मला आनंद झाला, कारण शब्द चुकतोय हे आता त्यांना कळत होतं.

१४. बँकेवाले म्हणतात, यांना बोलता येत नाही, सही चालणार नाही. काय करायचं?

बोलता न येणं म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे, आणि समज किती आहे हे तपासून लेखी देता येतं. स्पीच थेरपिस्टचा समज तपासल्याचा अहवाल आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र सोबत न्या. उजवा हात गेला असेल तर डाव्या हाताच्या अंगठ्याबद्दल किंवा नव्या सहीबद्दल बँकेला लेखी विचारा. समज खरोखरच गेलेली असेल (प्रश्न ५ मधली कानाची चाचणी जमत नसेल), तर सही करून घेण्याच्या फंदात पडू नका, वकिलाला भेटा.

टिकून राहिलेला वाचाघात दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाणी व भाषा दिव्यांगत्वाखाली येतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. कमी खर्चात तपासणी हवी असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट आणि रुग्णाचा नेहमीचा चष्मा न्या. चष्मा विसरून आलेल्यांची वाचनाची चाचणी दर वेळी पुढे ढकलावी लागते.